भाड्यासाठी फ्लॅट की एफडी?

प्रश्न: वणीत 25 लाखांचा फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा, की पैसे एफडीतच ठेवावे?

भाऊ, माझ्या मते एफडीतच ठेवा. मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून खर्च 27 लाख समजू. भाडं महिना 7 हजार, त्यात वर्षाकाठी एक महिना फ्लॅट रिकामा राहणारच. म्हणजे 77 हजार आले. घरपट्टी, मेन्टेनन्स, रंगरंगोटीचे 17 हजार वजा केले की हाती उरले 60 हजार.

एफडीचा दर 7 टक्के धरला, तर दहा वर्षांच्या या भाड्याची आजची किंमत, म्हणजे तेवढे पैसे दरवर्षी मिळायला आज एफडीत ठेवावी लागणारी रक्कम, फक्त 4.2 लाख होते. उरलेले 22.8 लाख विक्रीतूनच निघायला हवेत. दहा वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत 51 पैसे, म्हणून तेव्हा फ्लॅट निदान 45 लाखांना विकला पाहिजे. भाडं दरवर्षी 5 टक्के वाढलं तरी 43 लाख लागतातच. (कर दोन्हीकडे सोडलाय.)

खरा प्रश्न भाड्याचा नाहीच, विक्रीचा आहे. त्याच भागातल्या दहा वर्षं जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीतले फ्लॅट अलीकडे कितीला गेले, ते दुय्यम निबंधक कार्यालयातल्या इंडेक्स टू या विक्रीच्या नोंदीवरून काढा. बिल्डर सांगतो तो भाव नव्या फ्लॅटचा असतो.