९९९ चं पॅकेज, बिल १,८४९ चं?

प्रश्न: आईसाठी ९९९ रुपयांचं फुल बॉडी पॅकेज घेतलं. बिलात १५० होम कलेक्शन आणि ७०० व्हिटॅमिन डीचे वेगळे लावलेत. पॅकेजमध्ये '७२ टेस्ट' होत्या ना?

उत्तर: ७२ हा आकडा पॅरामीटरचा, म्हणजे रिपोर्टमधल्या एकेका मोजमापाचा असतो. रक्तपेशी मोजणाऱ्या एकट्या सीबीसी टेस्टचेच वीसेक मोजतात, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. बुकिंगचा मेसेज किंवा ईमेल उघडा, त्यातली नावांची यादी बिलाशी ओळीने ताडून बघा. यादीत व्हिटॅमिन डी असेल तर ७०० परत मागा, बिल आणि यादीचा फोटो जोडून.

नसेल, तर आईंना विचारा. रक्त घ्यायला आलेला मुलगा बरेचदा दारातच "डी पण करून टाकू का?" विचारतो आणि आपण मान हलवतो. डी साधारणपणे लिपिडच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या टेस्टच्याच नळीतल्या सीरमवर होते, म्हणून नळ्या मोजून ती टेस्ट वाढवली का हे समजणार नाही.

१५० चं वेगळं आहे. ठराविक रकमेच्या वर कलेक्शन फुकट असतं, पण कूपन लावल्यावर रक्कम त्या मर्यादेखाली घसरते. हा चार्ज सहसा फेरीमागे असतो, माणसामागे नाही. दोघांचं एकदम घेतलं असेल आणि दोनदा लावला असेल तर जरूर भांडा.