कादंबरीचा काळ निबंधात आणायचा कुठे?

प्रश्न: कोल्हापुरात एम.ए. मराठी करतेय. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीवर बारा पानांचा निबंध लिहिला. सरांचा शेरा आला, ‘हा तर इतिहासाचा निबंध झाला.’ पण काळ माहीत नसेल तर ही कादंबरी कळणार तरी कशी? नेमका किती इतिहास घालायचा?

उत्तर:

इतिहास किती घालायचा हे पानं मोजून ठरत नाही. कादंबरी वाचताना तुम्ही कुठे अडखळलात, त्यावरून ते ठरतं. मी बरीच वर्षं मराठी शिकवतो. या कादंबरीवरचे पुष्कळ निबंध तपासले आहेत आणि त्यांतले निम्मे १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यापासून सुरू होतात. मग १८८४ मधली बेहरामजी मलबारींची टिपणं, मग रखमाबाईंचा खटला, मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा, आणि कादंबरीची नायिका यमू भेटते ती चौथ्या पानावर. यातली एकही गोष्ट खोटी नाही. अडचण इतकीच की यातल्या कुठल्याही वाक्यामुळे यमूचं एकही वाक्य वेगळं वाचलं जात नाही.

म्हणून आधी कादंबरीच घ्या, पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने प्रश्न लिहा. आजच्या वाचकाला हटकून पडणारा एक प्रश्न असा: नवरा रघुनाथराव वारल्यावर यमू सासरच्या घरी परत का जाते? मुंबईत तिने मोकळा श्वास घेतला आहे. नवऱ्याच्या प्रोत्साहनाने ती शिकली आहे, विचार करू लागली आहे. तरीही ती सासरच्या शंकरमामंजींसारख्या माणसाच्या हाती सापडते आणि शेवटी तिचं केशवपन बळजबरीने होतं. ‘तेव्हा समाज जुनाट होता’ हे उत्तर मला पुरत नाही. समाज जुनाट असला तरी माणूस आपल्या पायांनी संकटात जातो, तेव्हा त्यामागे काही ठोस कारण असतं.

हा एवढाच प्रश्न घेऊन इतिहासाकडे जा. करवीर नगर वाचन मंदिरात बसलात तर त्या काळाविषयी वाचायला भरपूर मिळेल, पण वहीत डोक्यावर हाच प्रश्न लिहून ठेवा आणि त्याला लागू नसलेलं टिपू नका. उत्तर हिंदू वारसाहक्काच्या जुन्या नियमांत सापडतं. अविभक्त कुटुंबातला पुरुष निपुत्रिक वारला तर त्याचा वाटा घरातल्या इतर पुरुषांकडे जाई आणि विधवेला उरे तो फक्त अन्नवस्त्राचा हक्क. १९३७ पर्यंत हीच स्थिती होती. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मुभा दिली खरी, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे लग्न करणाऱ्या विधवेचा आधीच्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपत असे. म्हणजे डोक्यावर छप्पर आणि पानात अन्न ज्यांच्याकडे, तिच्या डोक्यावरच्या केसांचा निर्णयही त्यांच्याकडे.

हे कळल्यावर पुन्हा ती प्रकरणं वाचा. निर्णय कोण घेतं, यमूशी थेट कोण बोलतं, तिला विचारलं तरी जातं का, आणि तिला आधार देऊ पाहणाऱ्या माणसांच्या हातात प्रत्यक्षात काय असतं, हे पाहत चला. शंकरमामंजी आता फक्त दुष्ट माणूस उरत नाही. त्याच्या दुष्टपणाला घराच्या रचनेने जागा करून दिलेली आहे, हे दिसायला लागतं. निबंधाचा मुद्दा इथे जन्मतो.

निबंधात हे सगळं किती जागा घेईल? साधारण असं लिहिता येईल: ‘मुंबईचा संसार मोडल्यावर यमूचा प्रवास दुःखाचा आहे तसाच तो अवलंबित्वाकडे परतण्याचाही आहे. अविभक्त घरातल्या विधवेला कायद्याने अन्नवस्त्रापलीकडे काही मिळत नसे, त्यामुळे तिचा नकार कितीही ठाम असला तरी त्याला उभं राहायला जमीन नाही. आपटे हा नियम कुठे समजावत बसत नाहीत, तो यमूच्या एकटेपणातून जाणवतो.’ इतिहासाचं यात एकच वाक्य आहे, तेही दोन बाजूंनी कादंबरीने धरून ठेवलेलं. ते वाक्य काढून पाहा. पुढचं वाक्य लंगडं पडतं, म्हणून ते राहिलं पाहिजे. तुमच्या बारा पानांतल्या प्रत्येक तपशिलावर हेच करा. तपशील काढल्यावर आसपासच्या वाक्यांना काहीच झालं नाही, तर तो तिथला नव्हता.

सगळ्यात जड जातं ते आवडलेला तपशील सोडणं. कादंबरी येऊ लागली त्या १८९० मध्येच मुंबईत नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केस कापायचे नाहीत असा पवित्रा घेतला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर तेच डोक्यात होतं. पण वरच्या निबंधात मी ते घेणार नाही, कारण तिथला प्रश्न घरातल्या सत्तेचा आहे. केशवपन करणाऱ्या हातांविषयी कोणी लिहीत असेल तर तोच तपशील निबंधाचा कणा होईल. आपल्या कोल्हापूरच्या मुलांचं मन आणखी एका ठिकाणी अडकतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात विधवाविवाहाचा कायदा केला, तो बहुतेक निबंधांत शेवटच्या परिच्छेदात येतो. मला त्याचा अभिमान आहे. पण तो कादंबरीनंतर पाव शतकाने झाला, यमूच्या कोणत्याही वाक्याला तो उजेड देत नाही.

तारखांचीही एक खबरदारी घ्या. ‘संमतिवयाच्या कायद्याचा प्रभाव म्हणून ही कादंबरी लिहिली गेली’ असं मी अनेकदा वाचलं आहे. कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली १८९० मध्ये आणि कायदा झाला मार्च १८९१ मध्ये. वादाची हवा दोन्हींना सारखीच लागली होती, एवढंच म्हणता येतं. शिवाय तो कायदा बारा वर्षांखालच्या मुलींशी शरीरसंबंधाला मनाई करणारा होता, विधवांविषयी नव्हे. ‘स्त्रीसुधारणा’ अशी एकच गोणी करून त्यात सगळं भरलं की असा घोळ होतो.

तसाच ‘त्या काळी विधवांचं केशवपन होत असे’ या वाक्याचा. कोणत्या विधवांचं? ही रूढी मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांतली. त्याच काळात अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लावायची चाल होती, तिथली विधवा दुसरा संसार थाटू शकत असे. हा फरक नोंदवला की यमूच्या घरातली ‘लोक काय म्हणतील’ची भीती अचानक नेमकी होते, कारण त्या घराचा मोठेपणाच विधवेच्या देहावर लिहिलेला असतो. माझ्या मते तुमच्या निबंधात जागा मिळावी असं हे दुसरं वाक्य.

आता बारा पानं समोर घेऊन लाल पेनने इतिहासाची वाक्यं अधोरेखित करा. प्रत्येकाशेजारी कादंबरीतलं ते वाक्य किंवा प्रसंग लिहा, ज्यासाठी ते आणलं आहे. शेजारची जागा रिकामी राहिली ती वाक्यं वेगळ्या वहीत उतरवून ठेवा, तोंडी परीक्षेत विचारलं तर तिथे ती सांगता येतील.