काल्पनिक राज्याचा महसूल आणि दरबारातले वाटेकरी

प्रश्न: मी एका काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहितो आहे. दरबारातली कारस्थाने पटण्यासारखी वाटावीत म्हणून त्या राज्याचे अर्थकारण कसे उभे करावे? कराचे दर आणि नाणी आधी ठरवावीत का?

उत्तर:

कराचा दर सर्वांत शेवटी ठरवा. शेतकऱ्याकडून पिकाचा तिसरा हिस्सा घेतात की निम्मा, यावरून रयतेचे हाल कळतात. प्रधान सेनापतीच्या जिवावर का उठला, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकाच परगण्याच्या वसुलावर कोणाकोणाचा हक्क आहे, हे आधी मांडावे लागते. आपल्याकडच्या बहुतेक काल्पनिक राज्यांत राजाच्या तळघरात सोन्याने भरलेला खजिना असतो आणि प्रत्येक खलनायकाचा त्यावर डोळा असतो. अशा राज्यात फार तर दरोडा पडेल.

नमुना हवा असेल तर छत्रपती शाहूंच्या दरबाराकडे पाहावे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. एखाद्या परगण्याचा वसूल एक लाख रुपये धरला, तर चौथाई पंचवीस हजारांची होते. त्यातला चौथा भाग, म्हणजे सव्वासहा हजार, राजबाबती म्हणून छत्रपतींचा. चौथाईवर शेकडा सहा, म्हणजे दीड हजार, साहोत्रा म्हणून पंत सचिवांचा. शेकडा तीन, म्हणजे साडेसातशे, नाडगौडा म्हणून छत्रपती मर्जीने देतील त्याचा. उरलेले साडेसोळा हजार मोकासा म्हणून सरदाराला, आणि त्यातून त्याने फौज बाळगायची. दहा हजारांची सरदेशमुखी यापेक्षा वेगळी, ती छत्रपतींचे वतन म्हणून. शिवाय मोगल अंमलदार आपला वसूल त्याच रयतेकडून करणारच.

या मांडणीत एका गावात चार-पाच जणांचे कारकून येतात आणि एकाला जास्त मिळाले की दुसऱ्याचे कमी होते. कोणत्याही सरदाराला सलग मुलूख हाताशी धरून दरबाराकडे पाठ फिरवणे अवघड जाते, आणि हिशेब इतका गुंतागुंतीचा होतो की तो लिहिणाऱ्या फडणिसाला तलवार न उचलता वजन येते. कारस्थानासाठी लागणारी माणसे इथे आपोआप तयार होतात.

गुजरातेचे प्रकरण याच वाटणीतून पेटले. तिथली वसुली सेनापती दाभाड्यांच्या आणि पिलाजी गायकवाडांसारख्या त्यांच्या माणसांच्या हातात होती. १७३० मध्ये पेशव्यांनी सुभेदार सरबुलंदखानाकडून गुजरातच्या चौथाईचा आणि सरदेशमुखीचा करार स्वतःच्या नावे करून घेतला. ज्या वसुलावर आपली फौज पोसली जाते तोच कागदावर दुसऱ्याच्या नावे गेला, असे त्र्यंबकराव दाभाड्यांना दिसले आणि ते निजामाकडे झुकले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत ते मारले गेले. शाहूंनी त्यांच्या धाकट्या भावाला, यशवंतरावांना, सेनापतिपद दिले आणि गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा पेशव्यांमार्फत सरकारात भरावा असे ठरवले. या सगळ्यात कोणालाही दुष्ट ठरवायची गरज पडत नाही, हे लेखकाने लक्षात घ्यावे.

आता मी इतक्या तावातावाने का लिहितो आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एक दीर्घकथा लिहिली होती. तिच्यात एका घाटाचा किल्लेदार होता. घाटाच्या जकातीवर त्याच्या घराण्याचा शेकडा सहाचा वंशपरंपरागत हक्क होता. जकात वर्षाला चाळीस हजार रुपये, म्हणून त्याचे चोवीसशे. त्यातून तो दरमहा सहा रुपयांप्रमाणे तीस शिपाई बाळगत असे, म्हणजे एकवीसशे साठ रुपये गेले आणि उरलेल्यात त्याचे घर चालले. नवा प्रधान त्याच्या हक्काला हातही लावत नाही. तो फक्त घाटाखाली नवी चौकी बसवतो आणि व्यापाऱ्यांना तिथे जकातीत सूट देतो. घाटावरची जकात पंधरा हजारांवर येते आणि किल्लेदाराचा हक्क कागदावर जशाच्या तसा राहून हातात नऊशे पडतात. नऊशेत बारा शिपाई पोसले जातात. तक्रार घेऊन तो दरबारी जातो तेव्हा फडणीस वही उघडून त्याच्यासमोर धरतो आणि शेकडा सहा जसेच्या तसे असल्याचे दाखवतो. उरलेल्या अठरा जणांना घरी पाठवायचे, की सावकाराकडे जायचे, की शत्रूच्या वकिलाला भेटायचे, एवढेच त्याच्यासमोर उरते.

संपादकांनी वहीचा तो प्रसंग पूर्ण कापला. वाचकाला हिशेब नको असतो, माणसे हवी असतात, असे त्यांचे म्हणणे होते. छापलेल्या कथेत किल्लेदार रात्री दरवाजा उघडतो आणि त्याआधी, माझी नसलेली, ‘सत्तेच्या लोभाने तो आंधळा झाला होता’ अशी ओळ येते. ज्या माणसाला स्वतःचे शिपाई टिकवायचे होते तो एका ओळीत लोभी ठरला. पुढे आलेल्या वाचकांच्या पत्रांत त्याने फितुरी का केली, हाच प्रश्न होता. संपादक आजही भेटले की हा वाद निघतो आणि आजही माझे मत तेच आहे: त्या वहीच्या पानातच तो माणूस होता.

दुसरी गोष्ट ठरवायची ती पैसा येण्याचा महिना. दख्खनेत खरिपाचे पीक दिवाळीच्या आसपास हाती येते आणि रब्बीचे होळीच्या सुमारास, तर मोहीम दसऱ्याला निघते. फौजेला पैसा आधी लागतो, वसूल मागाहून येतो आणि मधली फट सावकार भरतो. पेशवाईत मामलत घेणाऱ्या कमाविसदाराला अपेक्षित वसुलातला काही भाग रसद म्हणून सरकारात आगाऊ भरावा लागे, तोही बहुधा कर्ज काढूनच. थोरले बाजीरावसुद्धा धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून कर्जाचे गाऱ्हाणे सांगतात. तेव्हा तुमच्या दरबारातल्या प्रत्येक मातब्बर माणसाचा सावकार कोण आणि त्याची मुदत कधी भरते, हे टिपून ठेवा. पाऊस लांबला की कोण आधी अडचणीत येईल हे त्या टिपणावरून कळेल, आणि कथानकाला तिथूनच वळण देता येईल.

हे सारे शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्यापुरते झाले. तुमचे राज्य बंदरावर किंवा खाणीवर जगत असेल तर पैसा एकाच ठिकाणी गोळा होतो, वाटेकरी कमी असतात आणि भांडण त्या ठाण्याच्या ताब्यावरून होते. तिथे वरची वाटणी जशीच्या तशी बसवू नये. आकडे सगळे कादंबरीत घालायचेही नसतात, एखादा पुरतो. पण तो कापायला कोणी सांगितले तर त्याऐवजी एखादी लढाई कापून द्या.

नाण्यांची नावे कोणतीही चालतील. फक्त दोन टाकसाळींचे रुपये एका भावाने चालवू नका, कारण शिपायांना पगार कोणत्या रुपयात द्यायचा आणि त्यावरचा बट्टा कोणी सोसायचा यावरूनही छावणीत बंड उभे करता येते.