भाकरी एकच, पण केवढी?

*यांना शुगर निघाली. आहारतज्ज्ञांनी दिलेल्या कागदावर दुपारच्या जेवणात ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट असं लिहिलंय आणि खाली ओट्स, ब्राऊन ब्रेड, सॅलड. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, उसळ आणि शेवटी वरणभात. सासूबाई म्हणतात, ज्वारीने शुगर वाढत नाही, पोटभर खाऊ दे. हे दोन भाकरी खातात, तरी जेवणानंतरची शुगर २४० येते. सकाळी शुगरची गोळी चालू आहे. सहा माणसांत यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक कुठून करू?*
*– बार्शीची एक गृहिणी*

ताई, वेगळा स्वयंपाक करूच नका. फक्त आठवडाभर एक छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवा.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. ज्वारीत चोथा चांगला असतो, पण पिठाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग कार्बोहायड्रेटच असतो, मग ती मालदांडी का असेना. म्हणून किती भाकऱ्या खाल्ल्या यापेक्षा एका भाकरीला पीठ किती घेतलं हे विचारायचं. माझ्या आईची भाकरी मी एकदा मोजली, तर एकीला ८० ग्रॅम पीठ निघालं. आई म्हणाली, "आज लहानच झाली." तुमच्याकडेही तेवढीच असेल असं धरते.

डाळ आणि कडधान्यासाठी हिशेब आणखी सोपा आहे: कोरड्या वजनाच्या निम्मं. मटकी भिजवण्याआधी मोजायची, कारण मोड आल्यावर पाण्यानेच वजन वाढतं. वरण पातळ-घट्ट कसंही असो, चार वाट्यांना १०० ग्रॅम तूरडाळ लागली असेल तर वाटीमागे २५ ग्रॅम डाळ, म्हणजे १२ ग्रॅम कार्बोहायड्रेट. तीस ग्रॅम मटकीच्या वाटीभर उसळीचे १५. शिजलेल्या भाताची दीडशे मिलीची वाटी, न दाबता भरलेली, ३० च्या आसपास.

आता यांचं ताट मांडून बघा. दोन भाकरींचे १०७, उसळीचे १५, वरणाचे १२ आणि एक वाटी भाताचे ३०. बेरीज १६४. कागदावरचे ६० कुठे आणि हे कुठे! यात ज्वारीचा काही दोष नाही.

साठात बसवायचं तर पीठ मळतानाच यांच्या भाकरीसाठी ५० ग्रॅम वेगळं काढा. त्या भाकरीचे ३३, उसळ आणि वरण एकेक वाटी धरून २७, झाले ६०. त्या दिवशी भात नाही. वरणभाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नसेल, तर त्यातली अर्धीच भाकरी (१७), अर्धी वाटी भात (१५), उसळ-वरण तेवढंच. हेही ५९. चार-पाच दिवस मोजलं की पिठाची कोणती वाटी कुठवर भरायची ते हाताला कळतं, मग काटा कपाटात गेला तरी चालेल. हे आकडे अंदाजाचेच आहेत, चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे होणारच.

पोट रिकामं वाटेल, तक्रार येईल. तिथे मेथी-पालकाची भाजी, गवार, काकडी आणि बिनसाखरेचं ताक वाढवा. पिठलं मात्र फुकटातलं समजू नका, बेसनही डाळच. उसळीत बटाटा घातला असेल तर यांच्या वाटीत तो येऊ देऊ नका. आमटीतला गूळही मोजणीत धरायचा.

एक गोष्ट मात्र भाकरी लहान करण्याआधी करा. डॉक्टरांना फोन करून सांगा की दुपारचं कार्बोहायड्रेट १६० वरून ६० वर आणतोय, आणि गोळीचं नाव सांगा. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर एवढी कपात एकदम झाल्यास शुगर फार खाली जाऊ शकते, डोसही बदलावा लागू शकतो. घाम फुटला, हात थरथरले, गरगरलं तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांचा होकार आला की जेवणाचा पहिला घास घेण्याआधी आणि तिथून दोन तासांनी शुगर मोजा, एक दिवस नुसत्या भाकरीवर, एक दिवस अर्धी भाकरी अर्धा भात. दोन तासांनंतरचा आकडा साधारण १८० च्या आत असावा, यांच्यासाठी डॉक्टरांनी वेगळा सांगितला असेल तर तो धरा. भाताच्या दिवशी आकडा सारखा वर जात असेल तर भात रविवारपुरता ठेवा. ती वही सासूबाईंनाही दाखवा. आकडा बघून त्याच हातावर भाकरी लहान थापतील, बघा.