लाल पिशवी आणि पणजी-फोंडा बस

प्रश्न: कादंबरीतलं पात्र खोटं आहे हे माहीत असूनही लोक रडतात कसे? माझी बायको काल रात्री एक जाडजूड पुस्तक मिटून तासभर रडत बसली होती. लेखक असं नेमकं काय करतात?

तुमची बायको निदान घरात रडली. मी कदंबच्या बसमध्ये रडले होते, भर जुलैत, खिडक्या बंद केलेल्या गच्च गाडीत. ही १९८६ सालची गोष्ट. तिच्यावरून आमच्या घरात अजून मला चिडवतात, म्हणून हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही.

मी तेव्हा पणजीला कॉलेजात होते आणि रोज म्हार्दोळहून ये-जा करायचे. वाचनालयातून टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' इंग्रजीत आणली होती. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन आठवडे वाचत होते, दोनदा तारीख वाढवून घेतली होती. त्या दिवशी रायबंदरला सातव्या भागाचा शेवट सुरू केला आणि जुने गोवे येईपर्यंत हुंदके आवरेनात. शेजारी बाजारातून परतणारी एक बाई होती, पायाशी रिकामी पाटी. माझं कोणी गेलं असं वाटून तिनं विचारलं, "किदें जालें गो बाये? घरा कोण अंतरलें?"

मी मान हलवली. खरं सांगायचं कसं?

"कोण?"

"वळखीची एकली."

"भुरगीं आसात?" तिनं मुलांचं विचारलं.

"एक चलो. ल्हान."

"देवा रे," म्हणून त्या बाईनं पदरानं डोळे पुसले आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत माझा हात धरून बसली. माझं म्हार्दोळ कधी गेलं ते कळलंच नाही. फर्मागुडीला उतरून पावसातून मागे चालत आले. का भिजले, हे घरी सांगावं लागलं आणि तिथेच चूक झाली.

दादा पोट धरून हसला. "अगो, ती बाई मेलीसुद्धा नाही! मरायला आधी जन्मावं लागतं!"

दादा आमच्या देवळाच्या उत्सवात नाटकं करायचा. गोव्याबाहेरच्या लोकांनी हे समजून घ्यावं की आमच्याकडे गावोगावी देवळाच्या मंडपात मराठी नाटक होतं, दुकानदार राजा होतो आणि मास्तर त्याचा प्रधान. दादा करुण भूमिकांसाठी प्रसिद्ध होता. तो मरायला टेकला की बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचे आवाज यायचे आणि ते ऐकून तो आणखी दोन मिनिटं जगायचा. त्याचं म्हणणं असं, की रडवणं हे नटाचं काम. पुस्तकाला ना आवाज, ना पेटी, ना तोंड. पुस्तक वाचून जो रडतो तो मुळातच रडका.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढे सुचलं ते असं, की मंडपातलं रडणं आणि पुस्तकातलं रडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसमधल्या बाईचंच घ्या. तिला कादंबरीची नायिका ॲना माहीत नव्हती. 'लहान मुलगा मागे राहिला' एवढं ऐकून तिला स्वतःचं कोणीतरी आठवलं असणार. मंडपात दादा हेच करतो. तो रडतो, पेटी रडते, शेजारीण रडते आणि त्यात आपलं जुनं दुःख वाहून जातं. ते खरं असतं, पण घरी जाऊन सोलकढी प्यायली की उतरतं. कादंबरीकाराकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे एकच गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे तुमचा वेळ. त्या वेळात तो तुमच्या डोक्यात त्या माणसाच्या आठवणी तयार करतो. मग माणूस खोटं असलं तरी आठवण तुमची, खरी असते. तीन आठवडे मी त्या बाईबरोबर जेवले होते, झोपले होते.

हे कसं होतं ते त्याच पुस्तकातून सांगते. पहिल्या भागात ॲना रात्रीच्या गाडीनं पीटर्सबर्गला परत चाललेली असते. तिच्याजवळ एक छोटी लाल पिशवी आहे. ती उघडून आतून उशी काढते, मांडीवर ठेवते, पाय नीट गुंडाळून घेते आणि मग एक इंग्रजी कादंबरी वाचायला लागते. बस, एवढंच. वाचताना कोणी त्या पिशवीकडे लक्षसुद्धा देत नाही. प्रवासाला निघालेली कोणतीही बाई करते तेच ती करते. मधे शेकडो पानं जातात. ती नवऱ्याला सोडते, मुलाला मुकते, ज्याच्यासाठी सोडलं त्याच्याशीही तिचं बिनसतं. सातव्या भागाच्या शेवटी ती रुळांशी उभी आहे. पहिल्या डब्याखाली जायचं तिनं ठरवलंय, पण हातातली लाल पिशवी काढताना उशीर होतो आणि तो डबा निघून जातो. पुढच्या डब्याची वाट पाहावी लागते.

माझा बांध तिथे फुटला. पिशवी अडकते हे कोणाच्याही बाबतीत घडेल, माझी छत्री रोज बसच्या दांड्यात अडकायची. टॉलस्टॉय तिथे 'हाय रे दैवा' म्हणत नाही, 'बिचारी' म्हणत नाही. तो फक्त पिशवीचं सांगतो, आणि ती पिशवी आपल्या ओळखीची असते.

त्याच्या थोडं आधी, त्याच दिवशी, ती घोडागाडीतून मॉस्कोतून जाताना दुकानांच्या पाट्या वाचते. त्यूत्किन नावाच्या केशकर्तनकाराची पाटी दिसते. तिला नाव गमतीचं वाटतं. तो घरी आला की सांगेन, असं मनात येऊन ती हसते. आणि लगेच लक्षात येतं की गंमत सांगायला आता कोणीच नाही. इथे लेखक बाहेर उभा राहून 'ती एकाकी होती' असं सांगत नाही. तो आपल्याला तिच्या डोक्यात बसवतो, तिच्याबरोबर हसवतो, आणि तिचं हसू थांबतं तेव्हा आपलंही थांबतं. नटाला हे जमणं फार कठीण. तो पाटी वाचून हसेल, पण कोणासाठी हसला ते सांगायला त्याला तोंड उघडावं लागेल.

आता गंमत बघा. ॲनाला एक मुलगीही होती. बसमधल्या बाईनं विचारलं तेव्हा ती मला आठवलीच नाही, मी सरळ 'एक मुलगा' म्हणाले. का? कारण मुलग्याबरोबर आपण दिवस काढलेले असतात. आई मेली असं त्याला सांगितलेलं असतं आणि त्याच्या वाढदिवसाला ती चोरून त्याला भेटायला जाते. आदल्या दिवशी जीव लावून निवडलेली खेळणी द्यायची राहून जातात, पुडकं न उघडता तसंच परत येतं. मुलीबरोबरचे असे प्रसंग फारसे नाहीतच, स्वतः ॲनालाही तिच्याबद्दल तेवढी माया वाटत नाही. म्हणजे दोन्ही मुलं सारखीच खोटी, सारखीच आईवेगळी झाली, पण मी रडले एकासाठी. नुसत्या दुःखानं रडू आलं असतं तर दोघांसाठी आलं असतं.

कॉलिन रॅडफर्ड नावाच्या तत्त्वज्ञानं १९७५ साली नेमका हाच प्रश्न, नेमकं ॲनाचंच नाव घेऊन विचारला होता. त्याचा निष्कर्ष असा, की जी बाई अस्तित्वातच नाही हे ठाऊक आहे तिच्यासाठी हळहळणं हे स्वाभाविक असलं तरी विसंगत आहे. असेल. त्याला एकदा पणजी-फोंडा बसमध्ये बसवायला हवं होतं.

फसतं कुठे, हेही सांगते, कारण आपल्याकडे फसलेली रडकी पुस्तकं ढीगभर आहेत. लेखक स्वतःच आधी रडायला लागतो. रशियन लेखक चेखव्हनं १८९२ साली एका लेखिकेला पत्रातून सांगितलं होतं, की दुःखी माणसाबद्दल लिहून वाचकाला हलवायचं असेल तर लिहिताना जरा थंड राहा, त्यानं दुःखाला पार्श्वभूमी मिळते. आपल्याकडे उलट करतात. एक गोड पोर आणतात, त्याला खोकला लावतात, आणि तिसऱ्या पानावर आपल्याला कळतं की हे पोर मरण्यासाठीच आणलंय. डोळ्यांत पाणी येतंही, पण स्वतःचा राग येतो. ओळखायची माझी खूण अशी: पुस्तक दुसऱ्यांदा वाचा. फसलेलं असेल तर मरणाच्या पानावरही काही होत नाही. चांगलं असेल तर रडू अलीकडे सरकतं. मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पहिल्या भागातच, ती पिशवी उघडून उशी काढते तिथे, थांबावं लागलं. तिथे काहीही वाईट घडत नाही.

दादाचं राहिलं. एका वर्षी पेटीवाल्याला ताप आला आणि ऐन मरणाच्या प्रवेशाला पेटीच नव्हती. दादा नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्यानं रडला आणि पुढे बसलेली पोरं हसली. मी चहाच्या वेळी त्याला म्हटलं, "दादा, तू रडलास म्हणून ते हसले. मरताना तुझ्या त्या म्हाताऱ्यानं पहिल्या अंकासारखाच चष्मा शोधला असता तर?" तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. चष्माही त्यानं कधी शोधला नाही. पण दोन वर्षांपूर्वी, जत्रेला सगळे जमलेले असताना, माझी बसची गोष्ट नेहमीप्रमाणे सांगून सगळ्यांना हसवून झाल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "ती पिशवी गो, तिचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "तिनं फेकून दिली."

"ते कळलं. कोणी उचलली?"

पुस्तक त्यानं अजून वाचलेलं नाही.

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. न रडणारा वाचक दगड असतो असं मी म्हणत नाही. माझा नवरा हेच पुस्तक कोरड्या डोळ्यांनी वाचून आठवडाभर गप्प होता. आणि मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, परीक्षेत नुकतीच गटांगळी खाल्ली होती, रडायला निमित्तच हवं होतं असं दादा म्हणतो त्यात थोडं तथ्य असेल. तुमची बायको मात्र पुस्तक संपल्यावरही रोज, काही कारण नसताना रडत असेल तर ही वेगळी बाब आहे, तेव्हा पुस्तकाला दोष न देता तिच्याशी बोला. एका रात्रीचं असेल तर 'खोटंच तर आहे' एवढं मात्र म्हणू नका. मी हे अडतीस-चाळीस वर्षं ऐकतेय.

आणि पुस्तकाचं नाव तुम्ही लिहिलंच नाही. ते कळवा.