आधी चौकशीचा फॉर्म नीट करा

घाऊक विक्रीसाठी वस्तूंची वेबसाइट बनवताय आणि तिच्यावर ऑनलाइन पेमेंट नको हे ठरवलंत, त्यामुळे बरंच काम वाचलं. ती मेहनत चौकशीच्या फॉर्मवर घाला, घाऊक गिऱ्हाईक तिथूनच येणार.

प्रत्येक वस्तूला वेगळं पान आणि कोड द्या. समजा लाकडी स्टूल, कोड ST-04. पानावर माप, लाकूड, कमीत कमी किती नग देता आणि किती दिवसांत, एवढं हवंच. ‘चौकशी करा’ बटणाची लिंक अशी ठेवा:

```
/enquiry?item=ST-04
```

म्हणजे फॉर्ममध्ये कोड आपोआप भरता येतो. नाहीतर ‘रेट सांगा’ एवढाच निरोप येतो आणि कशाचा रेट, हे विचारण्यातच वेळ जातो. बाकी रकाने चारच: नाव, फोन, ईमेल, नग.

नवखे हमखास चुकतात ते फॉर्म भरल्यावर साइटवरून तुम्हाला येणाऱ्या ईमेलमध्ये. From मध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता घातला, की मेल बनावट वाटून बरेचदा स्पॅममध्ये जातो किंवा पोचतच नाही. तिथे तुमच्या डोमेनचा पत्ता द्या, गिऱ्हाइकाचा Reply-To मध्ये. शिवाय प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवा. मेल हरवला तरी गिऱ्हाईक हरवत नाही.

साइट सुरू करण्यापूर्वी मोबाइलवरून स्वतः फॉर्म भरा आणि आलेल्या मेलला उत्तर देऊन पाहा. ते गिऱ्हाइकाच्याच पत्त्यावर गेलं पाहिजे.