झोळी सोडवायची कधी आणि कशी?

“बाळ पाच महिन्यांचं झालं. झोळीशिवाय डोळाच मिटत नाही. आता कुशीवरही वळतंय. सासूबाई म्हणतात, आमच्या घरातली सगळी पोरं झोळीतच वाढली. काय करू?”

पुण्यातल्या घरांतून हे माझ्याकडे सतत येतं. धायरीच्या या घरातून सून आणि आजी दोघीही आल्या, ते बरं झालं. माझ्या मते असा प्रश्न एकट्या आईचा नसतो, झोका देणाऱ्या हाताचाही असतो.

“आजी, झोळीत बाळाची हनुवटी कुठे असते?” मी विचारलं.

त्यांनी स्वतःची मान खाली घालून दाखवली. हनुवटी छातीला टेकली होती.

“आता तशीच मान ठेवून खोल श्वास घ्या बरं.”

त्यांनी घेतला आणि गप्प झाल्या. वाद तिथेच संपला. झोळीचं कापड मधे खोल जातं, पाठ वाकते आणि मान पुढे पडते. तान्ह्या बाळाची श्वासनळी मऊ आणि अरुंद असते, म्हणून मान दुमडली की ती दबते. बाळ वळायला लागलं की धोका आणखी वाढतो. तोंड कापडात रुततं आणि झोळीचा उतार त्याला परत फिरू देत नाही. म्हणून वळण्याचा पहिला प्रयत्न दिसला, त्या दिवसापासून झोळी बंद. महिने मोजत बसू नका.

त्याआधीही झोळी फक्त जागं माणूस शेजारी असताना, थोडा वेळच. आडवी काठी लावून झोळीचं तोंड उघडं ठेवा, आत उशी-दुपटं नको, झोळी जमिनीपासून अगदी कमी उंचीवर असू द्या. हनुवटी-छातीत दोन बोटं मावली पाहिजेत. श्वासाला घुरघुर आली तर लगेच उचला. झोप लागली की सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा.

पुढच्या भेटीत आजी हळूच म्हणाल्या, “झोळी गेली की माझं काम काय उरलं?” खरी अडचण ही होती. बाळाला झोका हवा होता, आणि आजीला तो देणारी व्हायचं होतं. म्हणून झोका मांडीवर आणला. आजी बसून डुलत अंगाई म्हणायच्या, आणि डोळे जड झाले की बाळ पूर्ण झोपायच्या आत गादीवर उताणं ठेवायच्या. हात छातीवर, हळू थोपटणं. रडलं तर आधी थोपटायचं, थांबलं नाही तर उचलून शांत करायचं आणि पुन्हा खाली. डुलणं रोज थोडं कमी करत गेल्या. पहिल्या रात्री रडारड झाली, मग बाळ थोपटण्यावरच झोपू लागलं.

घरात थोरली सहा वर्षांची आहे, म्हणून एक गोष्ट बजावून सांगितली. रिकामी झोळी मोठ्या मुलांना खेळायला हवी असते. आत बसून गोल फिरलं की कापड पिळतं आणि गळ्याभोवती आवळतं. अशा अपघातांत मुलं दगावलेली आहेत. झोळी बंद झाली की साडी सोडून घडी करून ठेवा आणि हुकाची दोरी त्याच दिवशी काढा.